मोबाइलमधल्या फोटोंचा आपोआप बॅकअप आणि १५ जीबी भरल्यावर काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे अँड्रॉइड फोन आणि गुगल फोटोज धरून लिहिली आहेत, कारण गावातल्या बहुतेक फोनमध्ये दुकानातून आणतानाच हे ॲप असते. बटणांची नावे इंग्रजी भाषेतल्या फोनवर दिसतात तशी दिली आहेत. फोन मराठीत असेल तर नाव बदलेल, जागा तीच राहील.

१. गुगल फोटोजमध्ये माझे सगळे फोटो दिसतात. म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. सर्वात जास्त फोटो याच समजुतीने जातात. हे ॲप फोनमध्ये असलेले फोटो आणि गुगलकडे पोहोचलेले फोटो एकाच रांगेत दाखवते. बॅकअप बंद असला तरी रांग भरलेलीच दिसते. फोन विहिरीत पडला की मग कळते, वर गुगलकडे काहीच गेले नव्हते.

खात्री करायची असेल तर एक फोटो उघडा आणि बोटाने वर सरकवा. खाली माहिती येते, त्यात "Backed up" असे लिहिलेले हवे. आणखी पक्की तपासणी म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर क्रोम उघडून photos.google.com वर आपल्या खात्याने जाणे. तिथे जे दिसते तेवढेच वर गेलेले आहे. तपासून झाले की त्या फोनमधून आपले खाते काढायला विसरू नका.

२. बॅकअप सुरू कसा करायचा?

गुगल फोटोज उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोच्या किंवा नावाच्या पहिल्या अक्षराच्या गोलावर दाबा. "Photos settings" मध्ये जा, मग "Backup", आणि वरचे बटण चालू करा. त्याच पानावर कोणत्या खात्यात बॅकअप होणार तो ईमेल दिसतो. तो आपलाच आहे आणि त्याचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे, हे तेव्हाच पाहून घ्या (खाते दुकानदाराने काढून दिले असेल तर प्रश्न १६).

बटण चालू केल्यावर लगेच पान सोडू नका. खाली आणखी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: फोटो किती मोठे ठेवायचे (प्रश्न ३), मोबाइल डेटा किती वापरू द्यायचा (प्रश्न ४) आणि कॅमेऱ्याशिवाय कोणते फोल्डर घ्यायचे (प्रश्न ७). पुढे जागा कधी भरणार, ते या तीन निवडींवरच ठरते.

३. "Original quality" ठेवू की "Storage saver"?

बहुतेकांनी "Storage saver". यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणला जातो आणि व्हिडिओ १०८० पर्यंत खाली येतो. खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेला फोन साध्या मोडमध्ये साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो. म्हणजे अशा फोटोचे मेगापिक्सेल कमी होतच नाहीत, तो फक्त दाबून कमी एमबीत बसवला जातो. अल्बमसाठी प्रिंट काढली तरी डोळ्याला फरक कळत नाही.

काही फोनवर "Express" नावाचा तिसरा पर्याय दिसतो. तो फोटो ३ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ ४८०वर आणतो. चेहऱ्यांच्या फोटोला चालून जाईल, पण सातबारा, बँक पासबुक किंवा कापसाच्या मापाची पावती अशा कागदांवरची बारीक अक्षरे पुसट होतात. कागदांचे फोटो ठेवणाऱ्यांनी तो घेऊ नये.

लग्नाचे व्हिडिओ "4K" मध्ये काढले असतील आणि ते तसेच हवे असतील, तर त्यांच्यासाठी पेन ड्राइव्हच बरा. १५ जीबीत ते मावतच नाहीत.

४. रोजचा दीड जीबीचा पॅक आहे. बॅकअपमध्ये सगळा डेटा संपेल का?

पहिले काही दिवस नक्की संपेल, म्हणून आधी हिशेब करा. साधा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. फोनमध्ये २,००० फोटो असतील तर ४ एमबीच्या हिशेबाने ८ जीबी झाले. रोज दीड जीबी पूर्ण त्यातच घातला तरी सहा दिवस. आणि डेटा असला तरी वर चढवायचा वेग वेगळा असतो. गावात अपलोड १ एमबीपीएस मिळत असेल तर या ८ जीबीला जवळपास १८ तास लागतात.

बॅकअपच्या पानावर मोबाइल डेटाच्या वापराची नोंद आहे. तिथे रोजची मर्यादा ठरवता येते: काहीच नाही, ५, १० किंवा ३० एमबी, किंवा अमर्याद. ३० एमबी म्हणजे रोजचे सात-आठ फोटो. नवीन फोटो कमी काढणाऱ्याला एवढे पुरते, फक्त जुना साठा एकदा कुठेतरी वायफायवर चढवून घ्यावा लागतो. ज्यांच्या पॅकमध्ये ५जी अमर्याद आहे, त्यांनी तालुक्याला बाजाराच्या दिवशी ही मर्यादा अमर्याद करून फोन खिशात ठेवला, तरी संध्याकाळपर्यंत बरेच काम होते. परत येताना मर्यादा पुन्हा खाली आणा.

रोजचा डेटा संपल्यावरही "नेट चालू" दिसते, पण वेग ६४ केबीपीएसवर आलेला असतो. त्या वेगाने ४ एमबीचा एक फोटो चढायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. तेव्हा बॅकअप अडकला असे वाटते, पण तो अडकलेला नसतो, रखडलेला असतो.

५. नेट चालू आहे, वायफाय पण आहे, तरी फोटो काऊन चढून नाही राहिले?

गोलावर दाबल्यावर बॅकअपची स्थिती एका ओळीत दिसते. ती ओळ वाचली की अर्धे निदान होते. "Waiting for Wi-Fi" असेल तर मोबाइल डेटाची मर्यादा आड येते आहे (प्रश्न ४) किंवा जोडलेला वायफाय हॉटस्पॉट आहे (प्रश्न ६). जागा संपल्याचे लिहिले असेल तर थेट प्रश्न ८ वर जा.

दोन्ही नसेल तर बहुतेक वेळा फोनची बॅटरी वाचवण्याची सोय कारण असते. लाईन गेली की लोक बॅटरी सेव्हर लावतात, लाईन आली तरी तो काढायचा राहून जातो, आणि तो चालू असताना बॅकअप मागे पडतो. शिवाय शाओमी, रियलमी, विवो, ओपो अशा फोनमध्ये मागे चालणारी ॲप बंद करण्याची सवय कंपनीनेच घातलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये "Apps" मधून "Photos" निवडा, त्याच्या बॅटरीच्या नोंदीत "No restrictions" करा. मग रात्री फोन चार्जिंगला लावून, वायफाय चालू ठेवून, गुगल फोटोज एकदा उघडून सोडा.

मोठा व्हिडिओ रांगेत पुढे असेल तर त्याच्यामागचे फोटो थांबल्यासारखे दिसतात. त्याला वेळ द्या, मध्येच ॲप बंद करून पुन्हा सुरू करण्याने घाई होत नाही.

६. पोराच्या हॉटस्पॉटवर माझा फोन जोडला. बॅकअप कधी होतो, कधी होत नाही. असे का?

अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट दुसऱ्या अँड्रॉइड फोनला बहुतेक वेळा ओळखता येतो. "हा डेटा मोजूनमापून आहे" असे समजून तो बॅकअप थांबवतो. पण सिम घालायची छोटी वायफाय डबी असेल तर फोन तिला घरचा वायफाय समजतो आणि सुसाट चढवतो. मग तासाभरात डबीचा दिवसाचा डेटा गायब, आणि कोणी वापरला यावरून घरात वाद.

हे हाताने ठरवता येते. फोनच्या वायफाय यादीत त्या नावावर दाबा, "Network usage" किंवा "Metered" अशी नोंद शोधा. "Treat as metered" केले की त्या वायफायवर बॅकअप होणार नाही, "Treat as unmetered" केले की होईल.

७. व्हॉट्सॲपवर आलेले फोटोही वर जातात का?

आपण सांगितल्याशिवाय जात नाहीत. सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचे फोटो जातात. बॅकअपच्या पानावर "Back up device folders" मध्ये "WhatsApp Images", "WhatsApp Video", "Screenshots" अशी नावे दिसतील, प्रत्येकापुढे बटण.

आमचे मत स्पष्ट आहे: व्हॉट्सॲपचे फोल्डर बंद ठेवा. गावच्या गटातले सुप्रभात, पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचा एकच फोटो सात गटांतून, कृषी सेवा केंद्राची जाहिरात, हे सगळे त्यात असते. खरोखर कामाचा फोटो आला असेल तर तो एकटा उघडून गुगल फोटोजमधूनच त्याचा बॅकअप घेता येतो.

पण लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपचा स्वतःचाही एक बॅकअप असतो. तो गप्पांसकट फोटो उचलतो आणि त्याच १५ जीबीत जाऊन बसतो.

८. १५ जीबी म्हणजे फक्त फोटोंचे का?

नाही. एका खात्याला मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात. कोणाला किती असे वाटप नसते, जो आधी भरेल त्याचे. २०२४ सालापासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही यातच मोजला जातो. आधी तो फुकट होता, म्हणून बऱ्याच जणांची जागा काही नवे न करता अचानक भरली.

कोणी किती खाल्ले ते one.google.com/storage वर दिसते. व्हॉट्सॲपचा आकडा बघायचा असेल तर ड्राइव्ह ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघांतून "Backups" उघडा.

९. फोनवर "स्टोरेज फुल" येते. ही फोनची जागा की गुगलची?

या दोन वेगळ्या कोठ्या आहेत. फोनची कोठी म्हणजे ६४ किंवा १२८ जीबी, खोक्यावर लिहिलेली. गुगलची कोठी १५ जीबीची, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर. एक रिकामी केली म्हणून दुसरी रिकामी होत नाही.

ओळखायचे असे: कॅमेरा फोटो काढायलाच नकार देतो किंवा नवे ॲप बसत नाही, तेव्हा फोन भरला. फोटो निघतो आहे पण बॅकअप थांबला आहे आणि जीमेलमध्ये वर पट्टी येते, तेव्हा गुगलचे खाते भरले. फोन भरला असेल तर प्रश्न ११, खाते भरले असेल तर प्रश्न १२.

१०. १५ जीबी भरले की आधीचे फोटो उडतात का?

लगेच उडत नाहीत. आधी चढलेले फोटो पाहता येतात, डाउनलोड करता येतात. थांबते ते नवीन काम: नवे फोटो चढत नाहीत, ड्राइव्हवर काही ठेवता येत नाही, व्हॉट्सॲपचा बॅकअप होत नाही. आणि जीमेलवर मेल येणे-जाणे बंद पडते. ही शेवटची गोष्ट लोकांना उशिरा कळते. मुलीच्या कॉलेज प्रवेशाचा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, आपल्याकडे काहीच दिसत नाही.

खाते मर्यादेच्या वर राहून दोन वर्षे झाली तर मात्र गुगल त्यातला मजकूर काढून टाकू शकते. तसे करण्याच्या किमान तीन महिने आधी ते कळवतात, पण ईमेल कधी न उघडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दोन वर्षे खाते अजिबात न वापरल्याचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

११. "Free up space" दाबले तर फोटो जातील का?

वर गेलेल्या फोटोंची फोनमधली प्रत जाते, वरची राहते. याने फोनची कोठी रिकामी होते, गुगलची एक एमबीसुद्धा नाही. खाते भरले म्हणून हे बटण दाबणारे बरेच जण आहेत, आणि फोन रिकामा करूनही संदेश तसाच का, असे विचारतात.

दाबण्याआधी तीन गोष्टी ध्यानात घ्या. "Storage saver" असेल तर यानंतर फक्त दाबलेली प्रत उरेल, मूळ फोटो गेला. व्हॉट्सॲपचे फोल्डर बॅकअपला लावले असतील तर त्यातले फोटोही फोनमधून जातात आणि गप्पांमध्ये ते धूसर दिसू लागतात. आणि नेट नसलेल्या वावरात जुना फोटो मोठा करून पाहता येणार नाही.

याच्या उलट, गुगल फोटोजमध्ये फोटो निवडून साधे डिलीट केले तर तो फोनमधून आणि वरून, दोन्हीकडून जातो. एवढे एक वाक्य पक्के ठेवा. चुकून उडवला असेल तर "Trash" मध्ये बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस.

१२. खाते भरले, पैसे भरायचे नाहीत. नेमके काय काय करू?

एक उदाहरण धरून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराच्या खात्यात फोटोज १०.८ जीबी, व्हॉट्सॲप बॅकअप ३.१, जीमेल ०.७, ड्राइव्ह ०.४ आहे. बेरीज बरोबर १५. मेल बंद पडले आहेत.

आधी मोठे व्हिडिओ. गुगल फोटोजमध्ये गोलावर दाबून "Manage storage" उघडले की मोठे फोटो-व्हिडिओ, धूसर फोटो, स्क्रीनशॉट असे गट दिसतात. मोठ्यांच्या गटात पुतण्याच्या लग्नाचे "4K" व्हिडिओ सापडले, सगळे मिळून १२ मिनिटे. अशा व्हिडिओचे एक मिनिट साधारण ३५० एमबी असते, म्हणजे ४.२ जीबी. ते फोनला पेन ड्राइव्ह जोडणारी ओटीजी केबल लावून पेन ड्राइव्हवर घेतले. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला, दोन व्हिडिओ चालवून पाहिले, मगच गुगल फोटोजमधून उडवले. फोटोज राहिले ६.६.

इथे लोक एक पायरी विसरतात. "Trash" मधल्या वस्तूही जागेत मोजल्या जातात. तो रिकामा केल्याशिवाय आकडा हलत नाही. रिकामा केल्यावरही आकडा बदलायला कधीकधी एखादा दिवस लागतो.

मग व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंगमध्ये "Chats", "Chat backup", तिथे "Include videos" बंद केले आणि "Back up" दाबले. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो, ३.१ चे ०.९ झाले. हे दुसऱ्या क्रमांकावर का? खाते पूर्ण भरलेले असताना नवा बॅकअप चढायलाच जागा नसते, तो मध्येच थांबतो. ड्राइव्हमधून जुना बॅकअप उडवूनही जागा होते, पण त्या मधल्या वेळात फोन गेला तर गप्पा कायमच्या गेल्या. म्हणून आधी व्हिडिओ.

तिसरे, गेल्या वर्षभर चुकून चालू राहिलेले "WhatsApp Images" फोल्डर. ते बॅकअपमधून बंद केले, पण आधी चढलेले फोटो तसेच राहतात, ते निवडून उडवावे लागले. १.३ जीबी निघाले, फोटोज ५.३ वर आले.

आता एकूण ७.३ जीबी, मोकळे ७.७. हा माणूस महिन्याला साधारण १०० फोटो काढतो, म्हणजे ०.४ जीबी. या वेगाने दीड वर्षाच्या वर निघेल, लग्न नसेल तर.

जीमेलमध्ये फारसे नव्हते म्हणून हात लावला नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
has:attachment larger:10M
```

१० एमबीहून मोठ्या जोडण्या असलेले मेल समोर येतात. नको ते उडवा आणि जीमेलचीही कचरापेटी रिकामी करा.

१३. जुने शेकडो फोटो उडवले तरी जागा तेवढीच. असे का?

कचरापेटी रिकामी केली असेल (प्रश्न १२), तर कारण बहुधा तारीख आहे. १ जून २०२१ च्या आधी "High quality" मध्ये चढलेले फोटो १५ जीबीत मोजले जातच नाहीत. आजच्या "Storage saver" चे ते जुने नाव. त्या काळात ते फुकट होते आणि तेवढ्यांना ती सवलत कायम आहे. म्हणजे २०१९ सालच्या बारशाचे फोटो उडवून एक केबीही मिळत नाही, फोटो मात्र जातात.

फोटो वर सरकवून माहिती पाहिली तर तो खात्यातली जागा घेत नाही असे तिथे लिहिलेले असते. अशा फोटोंना हात लावू नका. साफसफाई जून २०२१ नंतरच्या फोटोंपासून सुरू करा. त्याआधीही "Original" मध्ये चढवलेले फोटो मोजले जातात, हा अपवाद.

सगळे आधीपासून "Original" मध्येच चढले असेल तर आणखी एक मार्ग आहे. कॉम्प्युटरवर photos.google.com च्या सेटिंगमध्ये "Recover storage" आहे. ते आधी चढलेले मूळ फोटो दाबून "Storage saver" मध्ये बदलते. किती जागा सुटेल ते बटण दाबण्याआधीच दिसते. बदल मागे घेता येत नाही, म्हणून मूळ हवे असतील तर ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या.

१४. दुसरे जीमेल खाते काढले तर आणखी १५ जीबी फुकट मिळतील?

मिळतील, पण एक सापळा आहे. बॅकअपचे खाते बदलले की फोनमध्ये त्या क्षणी असलेले सगळे फोटो नव्या खात्यातही चढू लागतात. जुन्यात ते आहेत याच्याशी नव्याला देणेघेणे नसते. फोनमध्ये १० जीबी जुने फोटो असतील तर नवे खाते पहिल्याच महिन्यात दोन तृतीयांश भरले. म्हणून आधी जुन्या खात्यात सगळे चढल्याची खात्री करा, "Free up space" ने फोन रिकामा करा (प्रश्न ११ मधल्या तीन गोष्टी पाहून), आणि मग खाते बदला.

जुने खाते वाऱ्यावर सोडू नका. दोन वर्षे कुठेच वापरले नाही तर गुगल ते खाते आणि त्यातले फोटो काढून टाकू शकते. वर्षातून एकदा, म्हणा दिवाळीला, त्यात जाऊन फोटो उघडून पाहणे पुरते.

१५. पैसे भरून जागा घेतली आणि पुढे बंद केली तर?

१०० जीबीचा प्लॅन महिना १३० रुपये किंवा वर्षाला १,३०० रुपये असा मिळतो. दर बदलू शकतात, ॲपमध्ये दिसेल तो धरा. ही जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटता येते आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. चार फोन असलेल्या घराला हे चार खात्यांची कसरत करण्यापेक्षा स्वस्त पडते.

बंद केल्यावर खाते पुन्हा १५ जीबीचे होते. त्यात ४० जीबी फोटो असतील तर ते लगेच जात नाहीत, पण त्या दिवसापासून प्रश्न १० मधले सगळे लागू होते, मेल बंद पडण्यासकट. वाटलेल्या जागेवर जगणाऱ्या घरच्यांचेही तेच. ऑटोपे असेल तर कापणीच्या आधीच्या कडकीत खात्यात पैसे नसल्याने प्लॅन आपोआप बंद पडू शकतो, त्यापेक्षा पीक विकल्यावर एकदाच वर्षाचे भरणे बरे.

१६. खाते मोबाइलच्या दुकानात काढून दिले होते, पासवर्ड माहीत नाही. काय करू?

फोन चालू आहे तोवरच हे काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये "Google", तिथून आपल्या खात्याच्या व्यवस्थापनात "Security" मध्ये जा. पुन्हा खाते मिळवण्यासाठी कोणता नंबर दिला आहे ते पाहा. तो दुकानदाराचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असेल तर आपला नंबर टाका, नंतर पासवर्ड नवा करा. गुगल आधी ओळख पटवायला सांगते. बहुतेक वेळा त्याच फोनचा स्क्रीन लॉक पुरतो.

फोन हरवल्यावर हे सुचले तर फार उशीर होतो. फोटो वर सुरक्षित असतात आणि दाराची चावी कोणाकडेच नसते.

१७. पीक नुकसानीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तर जागेची माहिती राहते का?

नाही. कॅमेऱ्याचे लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोत जागा आणि वेळ नोंदलेली असते, पण व्हॉट्सॲपने फोटो म्हणून पाठवताना ती निघून जाते. तोच फोटो "Document" म्हणून पाठवला तर राहते. म्हणून पीक नुकसानीचे फोटो काढल्यावर बॅकअपची वाट न पाहता आधी मूळ फोटो फोनमध्ये जपा. त्या दिवशी "Free up space" दाबू नका.

१८. घरात एक आयफोन आहे. त्याला हेच लागू का?

ॲपलची फुकट जागा ५ जीबीच आहे. पण आयफोनवरही गुगल फोटोज बसते आणि १५ जीबीचे वरचे सगळे नियम तसेच लागतात. फरक एवढाच की आयफोनवर ते ॲप अधूनमधून उघडावे लागते, नाहीतर मागे बॅकअप रेंगाळतो.

१९. "Locked folder" मधले फोटो पण वर जातात का?

त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो केला नसेल तर ते फोटो फक्त त्या फोनमध्ये असतात. फोन रीसेट केला किंवा गुगल फोटोजचा डेटा साफ केला तर ते कायमचे जातात, कचरापेटीतही सापडत नाहीत. फोन दुरुस्तीला टाकण्याआधी ते बाहेर काढा, चढू द्या, आणि photos.google.com वर दिसल्यावरच फोन दुकानदाराच्या हातात द्या.